बसवेशच्या खोलीतलं वळण

लक्ष्मीपुरीतल्या चन्नाप्पांच्या खानावळीत भजी तळताना कढईतला जाळ उसळला आणि वरच्या, धूर ओढणाऱ्या हूडच्या जाळीला लागला. चन्नाप्पांनी पंखा आणि गॅस बंद केला, कढईवर झाकण टाकलं आणि जाळीवर आग विझवायच्या सिलिंडरातली पावडर मारली. आग विझली.

दुसऱ्या दिवशी हूड धुणाऱ्या गुंडूला बोलावलं. त्यानं जाळ्या कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात भिजत घातल्या, मोरीच्या चेंबरमधला तेलाचा थर काढला आणि गच्चीवरनं धुराड्यात बॅटरी मारून खाली आला.

"मालक, खालनं-वरनं हात पोचतोय तितकं खरवडलं. पर मधल्या वळणात लई तेल थिजलंय. काल जाळ तितवर गेला असता तर वरची माडी ऱ्हायली नसती. तिथं धुराड्याच्या पत्र्याला दार पाडायलाच पायजे."

वळण माडीवर, बसवेशच्या खोलीत होतं. गारगोटी रस्त्यावर मोटरसायकल घसरून बसवेश, चन्नाप्पांचा एकुलता एक मुलगा, गेला, तेव्हापासून त्या खोलीला कुलूप होतं. गुंडू दर खेपेला किल्ली मागायचा आणि चन्नाप्पांची बायको शांतादेवी नाही म्हणायच्या.

आज चन्नाप्पांनी बायकोकडं नुसतं बघितलं. त्या उठल्या.

"मीच उघडते. त्याच्या कपाटाला कुणी हात लावायचा न्हाय."

दार उघडताच खवट वास आला. धुराड्याच्या सांध्यातनं तेल झिरपून भिंतीवरनं थेट कपाटात उतरलं होतं. शांतादेवींनी कपाट उघडलं, तशी झुरळं भराभरा बाहेर पडली. घड्या घातलेले शर्ट एकमेकांना चिकटले होते. कॉलरी कुरतडलेल्या होत्या.

त्यांनी निळा शर्ट सोडवून नाकाशी धरला. कितीतरी वेळ.

"ह्याला त्याचा वास न्हाई हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "भज्याचाच येतोय. मला वाटलं, कुणी आत गेलं न्हाई म्हंजे सगळं तसंच राहील."



गुंडूनं खाली मान घालून सांगितलं, "आक्का, कपाट हितं ठेवून चालायचं न्हाय. पत्रा तापतोय, लाकूड पेटंल."

"ने," त्या म्हणाल्या.

गुंडूनं पत्र्याला बाजूनं चौकोनी दार पाडलं, म्हणजे तळातनं तेल गळायचं नाही. मेणासारखे काळे गोळे खरवडून त्यानं डबे भरले, सांधा बंद केला, दाराला घट्ट झाकण बसवलं.

शांतादेवींनी निळा शर्ट सोडा घालून तीनदा धुतला. डाग गेला नाही. चौथ्यांदा त्यांनी धुतला नाही, तसाच वाळत घातला.

आता दर दोन महिन्यांनी गुंडू त्या खोलीत जातो. शांतादेवी जिन्याच्या पायरीवर बसतात. आत खरवडायचा आवाज चालू असेपर्यंत त्या कुणाशी बोलत नाहीत आणि चन्नाप्पाही त्यांना हाक मारत नाहीत.