फॉर्मवरचं नाव

दत्तात्रेयानं करार सोडायची नोटीस दिली, तीही बायकोला न सांगता! आणि हा माणूस हुबळीच्या कमरीपेठेत सज्जन म्हणून ओळखला जायचा.

ओहायोतल्या मिसेस केलर शेतकऱ्यांचं मासिक चालवायच्या. त्यांच्या मुलाखतींच्या ऑडिओ फायली मेलनं हुबळीला यायच्या आणि टाइप होऊन परत जायच्या. बँकेत खातं दत्ताचं, म्हणून करारही दत्ताचा. 'मी अमेरिकेचा नाही' असं तिकडच्या करखात्यासाठी लिहून देतात तो डब्ल्यू-एट बेन फॉर्म, त्यावरही त्याचंच नाव. काम मात्र सगळं विमलाचं. धारवाडला इंग्रजीत बी.ए. झालेली ही बाई तीन वर्षं कानाला हेडफोन लावून बसत होती. आता दत्ताला बेंगळूरला नोकरी लागली, आणि काम बायको करते हे केलरबाईंना सांगण्यापेक्षा करार मोडणं त्याला सोपं वाटलं. वा रे बहाद्दर!

सोमवारी केलरबाईंचा निरोपाचा फोन नेहमीसारखा संध्याकाळी साडेसातला यायचा होता. दत्ता पाऊण तास फोनपाशी बसला आणि मग वैतागून शेवटचं बिल छापून आणायला निघून गेला. नोव्हेंबर लागला की तिकडे घड्याळं तासभर मागं घेतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. साडेआठला फोन वाजला आणि विमलानं उचलला.

तो परतला तेव्हा ती फोनपाशीच बसलेली.

"अहो, केलरबाई गुडबाय म्हणाल्या. कशाचं गुडबाय?"

दत्ताच्या तोंडचं पाणी पळालं. "तू काय म्हणालीस?"

"त्या म्हणाल्या, इतकं चांगलं काम, का सोडताय? मी म्हटलं, ह्यांना नोकरी लागलीय. टाइप हेच करतात, मला त्यातलं काय कळतंय?"

अय्यो! शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. दत्ताला स्वतःची भयंकर लाज वाटली. ताटावरून उठून त्यानं मेल लिहिला: माफ करा, तीन वर्षं काम माझ्या बायकोनं केलं. शेवटचं बिल तिच्या नावानं पाठवू का?

सकाळी उत्तर हजर. तुम्ही फसवलंत, वाईट वाटलं. बिल फॉर्मवरच्या नावानंच पाठवा, आमच्या दप्तरात तेच आहे. बाईंना पुढं काम करायचं असेल तर करार नवा, फॉर्मही नवा, आणि सही त्यांची.

दत्तानं फॉर्म छापून आणला आणि तिच्यापुढं ठेवला.

"विमल, चुकलो मी. हा भर. बेंगळूरला बसूनही करता येईल. दोघांपुरतं घर ठरवलंय मी."

"तेही ठरवून झालं?"

दत्तानं नुसतं पेन पुढं केलं.

तिनं फॉर्म सावकाश वाचला, स्वतःचं नाव लिहिलं आणि खालच्या ओळीवर थांबली.

"कायमचा पत्ता विचारलाय," ती म्हणाली.

"बेंगळूरचा घालतेस?" त्यानं हळूच विचारलं. तिनं ठळक अक्षरांत कमरीपेठ, हुबळी असं लिहिलं आणि सही केली.