टोकांवरचा काळा थर

ह्या सलूनमध्ये तिला सगळे रंगवाली म्हणत. बारा वर्षं केस रंगवून तिचा एक ठाम समज झाला होता: खुर्चीत बसलेली प्रत्येक बाई खोटं बोलते. "चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, पण डोकं एकदा बघितलं की विसरायची नाही," अशी फुशारकी ती नव्या मुलींसमोर मारायची.

सोमवारी आलेल्या मुख्याध्यापिकाबाईंचे केस कमरेपर्यंत होते. वरचे वीतभर करडे-पांढरे, खाली कुळकुळीत काळे. मोबाइलमधला फोटो दाखवून त्या म्हणाल्या, "असा फिकट सोनेरी रंग हवा. एका बैठकीत होईल ना?"

"आधी रंग कुठे लावलात?"

"तुमच्याकडेच. दुसरीकडे कुठेही नाही. मध्ये दीड वर्ष बदलीच्या गावी होते, तिथे काहीच लावलं नाही."

रंगवाली मनातल्या मनात हसली. सगळ्याच असं म्हणतात आणि न्हाणीघरात स्वस्तातला डबा उघडून बसतात. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नोंदींची जुनी कार्डं खणात होती, पण खोटं तपासायला खण कशाला उघडायचा? तिने मानेजवळची एक बारीक बट कापली, तिला ब्लीचची पूड आणि ती कालवायचं द्रावण, डेव्हलपर, लावून फॉइलमध्ये गुंडाळली. चाळीस मिनिटांनी वरचा भाग फिक्का पिवळा झाला होता. खालचा मात्र विटेसारखा तांबडा, ढिम्म. बाईंना तिने सांगितलं, खर्चाचा अंदाज लेखी पाठवते.

पत्र लिहायला तिला कोण उत्साह. मालकीणबाईंनी बजावलं होतं, "ह्या बाईंच्या शाळेच्या पन्नास शिक्षिका आपल्याकडे येतील. गोड लिही. त्या गेल्या तर तुला हेड कलरिस्ट करायचं मी विसरून जाईन." रंगवालीने वरवर गोड लिहिलं:

"आदरणीय मॅडम, रंग रंगाला उजळवत नाही. टोकांवरचे जुने थर आधी ब्लीचने काढावे लागतील. काळ्यातून तांबडा, मग केशरी, मग पिवळा, असंच जावं लागतं. एका दिवसात हे केलं तर केस तुटून हातात येतील. म्हणून चार बैठका, मधे सहा-सहा आठवडे, प्रत्येक वेळी केस सांभाळणारी ट्रीटमेंट आणि शेवटी पिवळेपणा मारायला टोनर. मुळांजवळच्या केसांना एक बैठक पुरली असती. खर्च चौपट होतो तो टोकांमुळे. कुणा अडाण्याने दर महिन्याला मुळांपुरता लावायचा रंग टोकांपर्यंत ओढला आहे. तपासलेली बट सोबत चिकटवली आहे."

"अडाण्याने" लिहिताना तिला फार बरं वाटलं. तो अडाणी म्हणजे न्हाणीघरातल्या बाईच, हे शहाण्याला कळेल.

गुरुवारी भरदुपारी बाई पत्र घेऊन हजर. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. पत्रातल्या एका शब्दाखाली लाल रेघ होती.

"रसायनं पटली," त्या म्हणाल्या. "चार बैठकाही पटल्या. फक्त हा अडाणी कोण, ते बघू या. माझं कार्ड काढा."

मालकीणबाईंनीच खण उघडला. कार्ड निघालं. सव्वीस भेटी. प्रत्येक ओळीत तारीख, काळ्या रंगाचा नंबर आणि पुढे तेच वाक्य: "मुळं, मग टोकांपर्यंत, चमक येते." अक्षर तिरपं, प्रत्येक ओळीशेवटी सही रंगवालीची.

तिने कार्ड वरपासून खालपर्यंत वाचलं. शनिवारची ती गर्दी, एकामागून एक डोकी, घाईघाईत टोकापर्यंत ओढलेला ब्रश तिला आठवला. हे डोकं मात्र आठवेना. सोमवारपासून जिला तिने खोटारडी ठरवलं ती बाई कार्डाइतकी खरी होती, आणि कार्ड चार पावलांवर होतं. तिला स्वतःची किळस आली.

मालकीणबाई सारवासारव करू लागल्या, "मॅडम, तेव्हा ही नवीन होती..."

"दहा वर्षं झाली होती मला," रंगवाली म्हणाली. "चूक माझी आहे. बैठका चारच लागतील, त्या कमी करता येणार नाहीत. पण पैसे एकीचेच घेईन. बाकीच्या तीन माझ्या पगारातून जातील."

बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे नीट बघितलं. सव्वीस भेटींत दोघींनी एकमेकींकडे इतकं कधी बघितलं नव्हतं. मग त्या खुर्चीत बसल्या आणि पत्र तिच्या हातात दिलं.

"आकडा बदलून नवीन पत्र द्या," त्या म्हणाल्या. "अडाणी शब्द मात्र राहू द्या."