गुरुवारची बाटली

बायको गेल्याचं त्यांनी वॉर्डात कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती गेली घरीच, झोपेत. त्याआधी बरेच दिवस ती याच वॉर्डात होती, आणि तिला इन्सुलिन कसं टोचायचं हे मोठ्या सिस्टरांनी त्यांना इथेच शिकवलं होतं. "टोचून झालं की सुईला टोपण परत लावायचं नाही," सिस्टर म्हणाल्या होत्या. "लावतानाच बोटात घुसते. सरळ जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावा आणि इथे आणून द्या. घरच्या कचऱ्यात टाकलीत, तर कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हातात जाईल. त्याचं काय चुकलं?"

तेव्हापासून ते दर गुरुवारी बाटली घेऊन येत. औषधाच्या खोलीच्या दाराशी उभे राहत. कुणीतरी विचारी, "काय आजोबा, आजी कशा आहेत?" ते म्हणत, "आहे." मग ती बंद बाटली सुयांच्या पांढऱ्या डब्यात जशीच्या तशी पडे. पाच मिनिटांचं काम. पण आठवड्यात त्यांच्याशी कुणी बोलायचं ते या पाच मिनिटांतच. वॉर्डात त्यांचं नावच ‘गुरुवारचे आजोबा’ पडलं होतं.

ती गेली तेव्हा कपाटात सिरिंजांची खोकी शिल्लक होती. तिच्या टोचण्याच्या वेळेला, सकाळ-संध्याकाळ, ते एक सिरिंज काढत, तिची दोन्ही टोकांची टोपणं उपसत आणि कोरी सुई बाटलीत टाकत. हा शुद्ध वेडेपणा आहे हे त्यांना कळत होतं. पण बाटली रिकामी राहिली तर वॉर्डात जायचं कशासाठी? सिरिंजा संपत आल्या होत्या. शेवटचं खोकं उघडलं त्या दिवशी त्यांना नीट जेवण गेलं नाही.

मग त्यांना ताप आला. चार दिवस अंथरुणातून उठवलं नाही. पाणी स्वतःच आणायचं, स्वतःलाच विचारायचं, ‘आता कसं वाटतंय?’ गुरुवारी सकाळी अंगात थोडी धुगधुगी आली, तशी त्यांनी खोक्यातल्या सिरिंजा मूठभर उचलल्या. बोटांत जोर नव्हता, टोपणं निघेनात. शेवटी तशाच बाटलीत कोंबल्या.

वॉर्डात त्या दिवशी नव्या विद्यार्थिनींची तुकडी आली होती. कचऱ्याच्या लाल, पिवळी, निळी, पांढरी अशा चार बादल्या ओळीने मांडलेल्या, आणि मोठ्या सिस्टर विचारत होत्या, "सलाईनची नळी?"

"लाल!"

"रक्ताचा कापूस?"

"पिवळा!"

"पेशंटच्या केळ्याची साल?"

मग मागून कुणीतरी दबकत म्हणालं, "पिवळा?"

"का ग बाई, केळ्याला कुठला रोग झालाय? साधा कचरा, काळी पिशवी. सगळंच पिवळ्यात टाकलंत तर भट्टीत फुकट जाळायचं काय काय?"

हशा पिकला. दारातले आजोबाही हसले. तेवढ्यात एका चष्मेवाल्या मुलीने पुढे होऊन त्यांच्या हातातली बाटली घेतली आणि उजेडात धरली. तिच्या चेहऱ्यावर नुकतंच शिकलेल्या माणसाचा कडकपणा होता.

"आजोबा, हे काय? सुयांना टोपणं परत लावलीत?"

"नाही... म्हणजे..."

"दिसतायत ना मला! कुणी सांगितलं तुम्हाला? हाताला टोचली असती म्हणजे?"

"नाही लावली मी," ते म्हणाले. आवाज इतका बारीक झाला की त्यांचा त्यांनाच ऐकू येईना. लावली नाहीत हे खरं होतं. पण मग सुई उघडलीच नाही, हे सांगावं लागलं असतं. आणि मग का नाही, तेही.

मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी बाटली घेतली, जरा तिरकी केली. वापरलेल्या सिरिंजेला कुणी चुकून टोपण लावलंच, तर सुईला लावेल. मागच्या दट्ट्याचं पांढरं टोपण परत कोण बसवणार? या सगळ्यांना दोन्ही टोपणं होती. तळाशी उघड्या सुया होत्या. त्यांच्या नळ्या कोरड्या, स्वच्छ.

सिस्टरांनी आजोबांकडे पाहिलं. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली.

"कधी?" त्यांनी हळूच विचारलं.

"झाले आता काही महिने."

चष्मेवालीला काही कळलं नाही. कळलं तेव्हा ती चष्मा पुसत बसली.

"आजोबा, घरात अजून काय काय उरलंय त्यांचं?" सिस्टरांनी विचारलं.

"आहे बरंच. लघवीच्या पिशव्या, नळ्या, गॉझ. त्यातलं फोडलेलं नाही काही. टाकवत नाही."

"टाकू नका," सिस्टर म्हणाल्या. "मी स्टोअरकडे या पोरींना शिकवायला कोऱ्या वस्तू मागून थकले. खऱ्या कचऱ्यावर हात बसवायला लावू का मी यांना? ही बाटली आता गेली." त्यांनी ती पांढऱ्या डब्यात सोडली. " पांढऱ्यात पडलं ते परत काढायचं नाही. पण बाकीचं आणा. सुयांची टोपणं मात्र तशीच राहू देत."

"आणि नंतर?" आजोबांनी विचारलं. ते एवढंच विचारायला आले होते, असं त्यांना वाटलं.

"आधी आणा तर."

पुढच्या गुरुवारी ते मोठी पिशवी घेऊन आले. घरातलं कपाट रिकामं करताना फार वेळ लागला होता. शिकवणीसाठी वेगळ्या, कोऱ्या बादल्या मांडल्या होत्या. मुलींनी टेबलावर सगळं ओतलं आणि ते मागच्या स्टुलावर बसले. लघवीची पिशवी लाल बादलीत गेली. गॉझ पिवळ्यात, रक्त लागलंय असं समजून, सिस्टर म्हणाल्या. सिरिंजा अख्ख्या पांढऱ्या बादलीत, कारण त्यांची सुई वेगळी निघत नाही. टेबलावर तिचं आजारपण हळूहळू रंगारंगाने कमी होत गेलं. इन्सुलिनची अर्धी भरलेली बाटली हातात घेऊन चष्मेवाली थबकली.

"निळी," आजोबांच्या तोंडून गेलं. "काच आहे."

"रिकामी असती तर निळी," ती वळून म्हणाली. "आत औषध आहे, आजोबा, आणि मुदत संपलीय. पिवळी." मग जरा थांबून, "तुम्ही नापास."

टेबलावर शेवटी एक कंगवा उरला. पिशवीच्या तळाशी कसा राहिला होता कोण जाणे. दातांत एक पांढरा केस.

"हा?" एकीने विचारलं. "साधा कचरा ना?"

आजोबांनी हात पुढे केला. चष्मेवालीने कंगवा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांनी तो खिशात टाकला.

तास संपला. मुली गेल्या. सिस्टरांनी चारही बादल्यांकडे बोट दाखवलं. "पुढच्या गुरुवारी दुसरी तुकडी. त्याआधी हे सगळं परत एकत्र कालवून ठेवायला माणूस हवा. मला वेळ नसतो, आणि माझ्या स्टाफला कचरा एकत्र करायला मी मेले तरी सांगणार नाही."

"म्हणजे मी..."

"अख्ख्या हॉस्पिटलात तेवढी परवानगी तुम्हालाच. मुदत संपलेली ती बाटली तेवढी मी खरोखरच पिवळ्यात टाकते. बाकी नीट कालवा. सोपं ठेवू नका."

सिस्टर राउंडला गेल्या. खोलीत ते एकटेच उरले. त्यांनी बादल्या टेबलाजवळ ओढल्या आणि एकेक वस्तू उचलून परत टेबलावर ठेवू लागले: नळी, तिच्यावर गॉझ, गॉझखाली सिरिंज. टोपण घट्ट आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहून.