वर्षात बंद केलं तर

दुपारी गिऱ्हाईक नसतं. लीलावती मगदूमने ब्लाउजची मापं लिहायची वही उलटी फिरवली आणि मागच्या कोऱ्या पानावर उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं बँक, उजवीकडे पतसोसायटी.

इचलकरंजीत पिको-फॉलवर आता पोट भरत नाही. भरतकामाचं कॉम्प्युटर मशीन तीन लाखांचं. छत्तीस हप्ते, दोन्हीकडे. बँक म्हणते अकरा टक्के. सोसायटी म्हणते तेरा.

"अकरा ते अकरा, तेरा ते तेरा! यात हिशेब कसला करायचा, काकू?" बँकेचा पोरगा हसला होता.

"घटत्या शिलकीवर ना? की सगळ्या रकमेवर शेवटपर्यंत?"

"घटत्या, घटत्या."

"मग प्रोसेसिंग फी बोल की रे. ती का गिळतोस?"

फी दोन टक्के, वर जीएसटी. सात हजार ऐंशी. कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवायचे सात हजार! वर ते पैसे आधीच कापून घेणार. हातात येणार दोन लाख ब्याण्णव हजार नऊशे वीस, व्याज मात्र पुऱ्या तीन लाखांवर. म्हणजे बोर्डावरचे अकरा खरे साडेबाराच्याही वर जातात. हे बोर्डावर कुणी लिहीत नाही. सोसायटीची फी पाचशे, जीएसटीसकट पाचशे नव्वद. तिथल्या चौगुल्यांनी चहा पाजून सांगितलं होतं, "वहिनी, आमच्यात लपवाछपवी नाही बघा." ती थाप नव्हती. आधी फेडलं तर दंड दोन्हीकडे नव्हता.

मागे एकदा 'सात टक्के फक्त' ऐकून तिने शिलाई मशीन घेतलं होतं. अर्धं कर्ज फिटलं तरी व्याज पहिल्याइतकंच. तेव्हापासून ती दर विचारत नाही, हप्त्यांचा तक्ता मागते. दोघांकडून महिनावार तक्ता आणला होता.

बँकेचा हप्ता नऊ हजार आठशे बावीस. छत्तीसने गुणून त्यात फी मिळवली : तीन लाख साठ हजार सहाशे बहात्तर. सोसायटीचा हप्ता दहा हजार एकशे आठ. फीसकट तीन लाख चौसष्ट हजार चारशे अठ्ठ्याहत्तर. बँक अडतीसशेने स्वस्त.

संपलं असतं. पण सन्मती मध्ये होता.

सन्मती तिचा एकुलता मुलगा, हैदराबादला. रविवारी फोनवर म्हणाला होता, "आई, सोसायटीचंच घे. वर्षभरात बोनस आला की मी एकरकमी भरून टाकतो. लवकर बंद करायचं तर मोठी फी कशाला भरायची?"

पोरगं हुशार. तिने दोन्ही तक्त्यांतल्या व्याजाच्या रकान्यातले पहिले बारा आकडे मिळवले. बँकेचं व्याज अठ्ठावीस हजार पाचशे अठ्ठ्याऐंशी, फी धरून पस्तीस हजार सहाशे अडुसष्ट. सोसायटीचं फीसकट चौतीस हजार पाचशे पाच. वर्षात बंद केलं तर सोसायटी साडेअकराशेने स्वस्त. फी एकदा गेली की गेली. कर्ज जितकं लांबेल तितकी ती अंगात जिरते. तिने पुढेही मिळवून पाहिलं. पंधराव्या महिन्यापर्यंत सोसायटी पुढे, सोळाव्यापासून बँक.

म्हणजे प्रश्न अकरा की तेरा हा नव्हताच. सन्मती पैसे पाठवणार का, एवढाच होता.

तिने पेन ठेवलं. वडील गेले, पण वर्षश्राद्धासारखं काही आपल्या जैनांत नसतं म्हणून तो त्या वर्षी आला नाही. पर्युषणात सुट्टी नव्हती. घराच्या पत्र्याचे पैसे 'पुढच्या महिन्यात' होते, पत्रा तिनेच बदलला. पोरगं वाईट नाही. शब्द देताना त्याला खरंच द्यायचे असतात. पण शब्दाला हप्त्याची तारीख नसते, आणि बँक पाच तारखेला हप्ता कापते.

वहीत आता दोन आकडे समोरासमोर होते. एकात मुलगा धरलेला, दुसऱ्यात वगळलेला. तिने दुसऱ्याला गोल केला. डोळे पुसले नाहीत, पाणी आलंच नव्हतं. एवढंच वाटलं, की हे आपल्याला आधीच माहीत होतं, हिशेब उगाच केला.

चारच्या आत तिने बँकेत सही ठोकली.

"मधेच बंद करणार का, काकू?"

"नाही. छत्तीसच्या छत्तीस."

रात्री साडेआठला फोन आला.

"घेतलंस ना सोसायटीचं?"

"बँकेचं घेतलं."

"अगं! सांगितलं होतं ना? वर्षात बंद केलं तर ते महाग पडतं!"

"व्हय. वर्षात बंद केलं तर."

गणितात पोरगं कधी कच्चं नव्हतं. त्याला कळलं, आणि तो 'मी भरतोच' असं म्हणाला नाही. ती थोडा वेळ थांबली होती, म्हणतो का बघायला.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "जेवलीस का?"

लीलावतीने मोरीकडे पाहिलं. एकच ताट, दिवस मावळायच्या आत घासून उपडं घातलेलं. या घरात दिवेलागणीनंतर कधी कुणी जेवलं नव्हतं. तोही नाही, घरी होता ती अठरा वर्षं.

"जेवले रे," ती म्हणाली. "तू जेव."