निवेदनाचं पान

आमच्या संस्थेच्या महोत्सवाची कार्यक्रम पत्रिका मी आणि ही मिळून तपासायचो. ही मोठ्याने वाचायची आणि मी मूळ कागदावर बोट ठेवून जुळवायचो. मधल्या पानावर तीन दिवसांचा तक्ता असतो, आणि पुढच्या पानांवर कलाकारांचे परिचय. प्रत्येक परिचयाखाली दिवस, वेळ आणि रंगमंच पुन्हा छापलेला असतो. आधी तक्ता पक्का करायचा, मग परिचय त्याच्याशी जुळवायचे, असा आमचा नियम होता. तक्त्यात काही बदललं की परिचय पहिल्यापासून वाचायचे, मग कितीही कंटाळा येवो.

महोत्सवाचं निवेदनही हीच करायची. त्यामुळे सगळ्यात शेवटचा परिचय तिचा असे. तो वाचायची वेळ आली की म्हणायची, "या बाई फार बोलतात असं ऐकलंय." मी म्हणायचो, "वाच पुढे."

यंदा ती नाही.

तिच्या जागी निवेदनाला आली ती आमच्या औषधाच्या दुकानातली मुलगी. हिच्या आजारपणात ती घरी औषधं घेऊन यायची आणि कुठली गोळी कधी, ते उशाशी उभी राहून सांगायची. ही डोळे मिटून ऐकायची. एकदा मला म्हणाली, "हिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल." मग तिने त्या मुलीला शिकवायलाच घेतलं. कलाकाराचं नाव घेण्याआधी किती थांबायचं, पडद्यामागे वेळ लागला तर काय बोलत राहायचं, सगळं. मला म्हणाली, "माझ्या जागी हिलाच घ्या. लाजू नका, स्पष्ट सांगा सगळ्यांना." मी हो म्हटलं. समितीलाही सांगितलं. तिथपर्यंत मी ठीक वागलो.

छापखान्यात गेल्या वर्षीच्या फायलीवरच नवा मजकूर चढवतात. नवं काही पाठवलं नाही तर जुनंच राहतं. मी सगळ्यांचे परिचय पाठवले. निवेदनाचा पाठवला नाही. छापखान्याच्या मालकांचा फोन आला.

"काका, शेवटच्या पानावर काकूंचाच फोटो आहे अजून. बदलायचाय ना?"

"बघतो."

"बघतो म्हणजे? हे शेवटचं प्रूफ म्हणून पाठवतोय मी. तुमचं शेवटचं प्रूफ दरवर्षी चार वेळा शेवटचं असतं."

"बघतो म्हटलं ना."

प्रूफ आलं. त्याच सुमारास कळलं, की नृत्याचा गट दुसऱ्या दिवशी उशिरा पोहोचणार. म्हणून गायन सहाला आणि नृत्य साडेसातला, अशी अदलाबदल झाली. मी तक्ता दुरुस्त केला. मग परिचय जुळवत निघालो. नृत्याचा जुळवला. गायिकेचा परिचय हिच्या पानासमोरच होता. ते पान उघडलं, फोटो दिसला आणि मी मिटलं. प्रूफवर लिहिलं, 'परिचय ठीक'. माझ्या हातून असलं काही याआधी लिहिलं गेलेलं नाही.

प्रूफची एक प्रत निवेदकाला देतात, कारण घोषणा त्यावरूनच लिहायच्या असतात. ती मी त्या मुलीला देऊन टाकली. देताना तिच्याकडे बघितलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी ती दुकानाच्या जेवणाच्या सुट्टीत संस्थेच्या कचेरीत आली. दाराबाहेर फोनवर बोलत होती. आत मी एकटाच होतो.

"अगं नाही छापत आई. निवेदकाचं नाव पत्रिकेत छापतच नाहीत. कलाकारांचीच असतात फक्त... हो, सगळीकडे तसंच असतं... मावशीला कशाला सांगून ठेवलंस तू? बरं, आणते मी एक प्रत, पण नाव शोधत बसू नका."

ती आत आली तेव्हा मी उगाच खिडकी लावत होतो.

"काका, मी वाचून काढलं. दोन-तीन गोष्टी सापडल्या." तिने प्रूफ टेबलावर पसरलं. "हे बघा, तक्त्यात गायन सहाला आहे आणि बाईंच्या परिचयाखाली साडेसात. लोक परिचय बघून आले तर बाई रिकाम्या खुर्च्यांपुढे गातील. आणि साथीला तक्त्यात एक तबलजी, परिचयात दुसरेच. मी फोन करून विचारलं, तक्त्यातले बरोबर आहेत. बाहुल्यांचा खेळ तक्त्यात छोट्या रंगमंचावर आहे, इथे मोठ्या."

लाल शाईच्या खुणा नीट समासात होत्या. ही करायची तशाच.

"अजून काही?" मी विचारलं.

"नाही."

मी शेवटचं पान उलटलं. हिचा फोटो, हिचा परिचय, आणि वर मोठ्या अक्षरांत 'निवेदन'. त्यावर एकही खूण नव्हती. मधल्या तक्त्याखाली मात्र निवेदन म्हणून त्या मुलीचं नाव होतं, ते समितीने परस्पर पाठवलं होतं. तबलजी पकडणाऱ्या मुलीला हे दिसलं नाही, असं कोण म्हणेल?

"इथे काही सापडलं नाही तुला?"

"मला तरी चूक वाटली नाही, काका." ती टोपण पेनाला लावत होती. ते लागत नव्हतं. "तक्त्यातलं माझं नाव काढलं तरी जुळेल. तेवढंच राहिलंय बघा."

तिने माझी सोय बघून ठेवली होती. दोन्ही पानं जुळली असती, पत्रिका निर्दोष झाली असती आणि कुणाला काही कळलं नसतं.

"हे चुकून राहिलेलं नाही," मी म्हणालो. "छापखान्यातून विचारलं होतं. मीच बदललं नाही."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"तुमच्याकडून एवढं मोठं चुकून राहतं होय? काकू म्हणायच्या, यांना भाजीच्या पिशवीतसुद्धा क्रम लागतो."

मला हसू आलं नाही. तिलाही नाही. मी कोरा कागद पुढे ओढला. "सांग. परिचय सांग तुझा."

"राहू द्या ना. मला खरंच..."

"सांग म्हटलं ना."

तिने सांगितलं. चार ओळी झाल्या. नोकरी, शाळेतली वक्तृत्व स्पर्धा, हा पहिलाच महोत्सव. मी खाली तिन्ही दिवस आणि वेळ लिहिली आणि तक्त्याशी जुळवून घेतली. तिने कागद वाचला.

"काका, बाकी सगळ्यांच्या परिचयात ते कुणाकडे शिकले ते आहे. माझ्यातच नाही. सगळे परिचय एकसारखे नकोत का?"

मी पेन तिच्याकडे दिलं. ती ओळ तिने स्वतः लिहिली. हिचं नाव पूर्ण लिहिलं, माहेरच्या आडनावासकट. ते हिने तिला कधी सांगितलं होतं कोण जाणे.

छापखान्यात फोन केला. मालक म्हणाले, "म्हणजे हे पाचवं शेवटचं." मी म्हणालो, "हो. चूक माझी आहे. आणि 'परिचय ठीक' लिहिलंय ते खोडा."

मग मी मूळ कागद धरला आणि ती पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागली. शेवटच्या परिचयाशी आल्यावर तिचा आवाज जरा खाली आला. मी ओळीवर बोट फिरवत होतो. हिच्या नावापाशी बोट थांबलं, तीही थांबली.

"बरोबर," मी म्हणालो. "आता आईला फोन कर."

"काय सांगू?"

"छापतात म्हणून सांग. आणि प्रती किती लागतील ते विचार, मावशीला धरून."

ती फोन घेऊन बाहेर गेली. हिचा फोटो असलेलं जुनं पान टेबलावरच होतं. त्यावर 'रद्द' लिहायचं असतं, म्हणजे छापखान्यात घोटाळा होत नाही. मी ते लिहिलं.