पेन्शनच्या घोषवाक्याला यमक

मुलुंडला स्टेशनच्या पूर्वेला माझं सेवा केंद्र आहे. पॅन कार्ड, लाइट बिल, झेरॉक्स आणि सरकारी योजनांचे फॉर्म. आमच्या मागच्या सोसायटीतल्या पद्मजाताई एक दिवस स्वतः दुकानात आल्या तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी फुकटात करून हवं असणार. त्या सोसायटीच्या सांस्कृतिक मंडळाच्या अध्यक्षा. सोसायटीत गणपतीपासून योगा दिनापर्यंत सगळं त्यांच्या हातचं, आणि प्रत्येक फोटोत त्या मध्ये.

"चेतना, आपल्याकडच्या बायका आणि ड्रायव्हर लोकांसाठी पेन्शनचं काहीतरी करायचंय," त्या म्हणाल्या. "जनजागृती. घोषवाक्यं लिहायची, बोर्ड लावायचे, आणि मग तुझा कॅम्प."

काम चांगलं होतं. श्रमयोगी मानधन योजना, घरकाम करणाऱ्यांना, ड्रायव्हरांना, फेरीवाल्यांना अगदी लागू पडणारी. मी बसल्या बसल्या एका कागदावर लिहून दिलं:

वय १८ ते ४०.
महिन्याची कमाई पंधरा हजारांच्या आत.
आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन या.
तुम्ही भराल तेवढंच सरकार भरेल.
साठीनंतर दर महिन्याला तीन हजार.

पद्मजाताईंनी तो कागद दोन बोटांत धरून वाचला. "अगं, यात यमक कुठेय?"

मग मंडळाची मीटिंग झाली. माझ्या पाच ओळी समजायला एवढ्या सोप्या, त्यांच्यासाठी सात शिकलेली माणसं क्लब हाऊसमध्ये दोन तास बसली. साबुदाणा वडे होते. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. कोणी म्हणालं, पासबुक हा शब्द रुक्ष वाटतो. कोणी म्हणालं, पंधरा हजारांचं लिहू नका, लोक पगार विचारायला लागतील. आणि वयाची ओळ पद्मजाताईंनी स्वतःच्या पेनाने खोडली. बाईमाणसाला वय विचारणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत. शेवटी गेटवर, लिफ्टमध्ये आणि पार्किंगच्या खांबांवर जे लागलं ते असं: "आज थोडं टाका, उद्या सुखाने चाखा."

काय चाखायचं ते लिहिलं नव्हतं. वॉचमनला वाटलं की लोणच्याची जाहिरात आहे.

माझ्याकडे रोज कोणीतरी येऊन विचारायचं. बावन्न वर्षांचा चंदू ड्रायव्हर आला. मी त्याला सांगितलं की चाळिशीनंतर नाव घालता येत नाही. तो म्हणाला, "मग बोर्डवर का नाही लिहिलंत? उगाच पार्किंगपासून धावत आलो." बरोबर होतं त्याचं. मी पद्मजाताईंना फोन केला, निदान खाली बारीक अक्षरात तरी वय लिहा. त्या म्हणाल्या, डिझाइन बिघडेल.

वर त्यांनी मलाच एक अट घातली. कॅम्प चार जानेवारीला, रविवारी. तोवर सोसायटीतल्या कोणाचंही नाव घालायचं नाही. कॅम्पला बोलावलेले प्रमुख पाहुणे त्याच दिवशी मोकळे होते, आणि स्टेजवर त्यांच्या हातून कार्डं द्यायची होती. या योजनेचं कार्ड नाव घातल्यावर तिथल्या तिथे छापून निघतं, त्यासाठी कोणी पाहुणा लागत नाही. हे मला माहीत होतं. पण कॅम्पमध्ये चाळीस नावं एकदम मिळतील, शिवाय सोसायटीच्या बोर्डावर माझ्या केंद्राचं नाव येईल, म्हणून मी हो म्हणाले.

दहा डिसेंबरला कुंदा आली. ती पद्मजाताईंकडेच अकरा वर्षं कामाला होती, धुणंभांडी, स्वयंपाक, आणि वर त्यांच्या सासूबाईंचं सगळं. मूळची मालवणकडची. नवरा नाही, मुलगी लग्न करून वसईला. पदराला हात पुसत तिने प्लास्टिकच्या पिशवीतून आधार आणि पासबुक काढलं.

"गो चेतना, माझा ता पेन्शनीचा करून टाक. हातपाय चालतत तवसर ठीक. मगे माका कोण बघतला?"

मी आधार हातातसुद्धा नीट घेतलं नाही. "कुंदाताई, कॅम्पला या. चार तारखेला. पद्मजाताईंनी सांगितलंय."

"बरा," म्हणाली आणि पिशवीला गाठ मारून गेली.

कॅम्पच्या दिवशी मांडव, माइक, पाहुण्यांसाठी शाल. कामवाल्या बायकांना मागच्या खुर्च्या, आणि कुंदाला चहाचे ट्रे. पद्मजाताईंनी ठरवलं होतं की पहिलं कार्ड कुंदाला द्यायचं, म्हणजे मालकीण किती मोठ्या मनाची ते पाहुण्यांना दिसेल. तिला हाक मारली. मी लॅपटॉपवर तिचा आधार नंबर टाकला, जन्मतारीख टाकली, आणि तेव्हा पहिल्यांदा मी ती तारीख वाचली. एक जानेवारी १९८५.

ज्यांना आपली तारीख माहीत नसते त्यांना आधार काढताना एक जानेवारी लावून देतात. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं एक जानेवारीलाच जन्मलेली आहेत. हे मला दहा वर्षं माहीत आहे. तीन दिवसांपूर्वी कुंदा कागदावर एक्केचाळीस वर्षांची झाली होती. फॉर्म पुढे जाईना.

"काय झालं?" पद्मजाताईंनी माइक झाकून विचारलं.

"वय बसत नाही. चाळीसची अट आहे."

"मग थोडं मागे-पुढे कर ना."

"आधारवरचं आहे. जन्माचा दाखला असेल तरच बदलतं."

कुंदा म्हणाली, "दाखलो खय असतलो? आवस म्हणायची, शिमग्यात झालंय."

शिमग्यात. म्हणजे आईच्या हिशोबाने मार्चच्या सुमारास; अजून दोनेक महिने तिचे हक्काचे होते. बँकेतल्या दुसऱ्या पेन्शन योजनेलाही चाळीसचीच अट, तेही दार बंद. पद्मजाताईंनी एक क्षण विचार केला, आणि त्यांना सुचलं ते अगदी त्यांच्याच डोक्यातून निघावं असं होतं. त्यांनी दाखवायला छापलेलं मोठं पुठ्ठ्याचं कार्ड पाहुण्यांच्या हातात दिलं. पाहुण्यांनी ते कुंदाला दिलं. टाळ्या झाल्या, घोषवाक्य माइकवरून तीनदा म्हटलं गेलं, फोटो निघाला. मग पुठ्ठा परत घेतला, पुढच्या बाईसाठी.

मला पद्मजाताईंची किळस आली. सगळ्या मंडळाची आली. यमकासाठी एका बाईचं म्हातारपण खोडून टाकणारी ही माणसं, आणि संध्याकाळी हेच फोटो ग्रुपवर टाकणार. मी मनात त्यांना काय काय बोलून घेतलं.

गर्दी ओसरल्यावर कुंदा रिकामे कप गोळा करत माझ्या टेबलाशी आली.

"त्या दिवशी मी इललंय, तेव्हा झाला असता?"

"झालं असतं," मी म्हणाले. "दहा मिनिटांत. पण पद्मजाताईंनी चार तारखेपर्यंत थांबायला सांगितलं होतं."

तिने हातातले कप ट्रेमध्ये ठेवले.

"त्यांका काय कळता त्यातला," ती म्हणाली. "तुका कळत होता मां?"

तिने माझ्यासमोरचा कपही उचलला आणि ट्रे घेऊन नळाकडे गेली. मी पुढच्या बाईचं आधार मागितलं, आणि आधी तारीख बघितली.