आभारात राहिलेलं नाव

कोल्हापुरात तालमीचा कार्यक्रम असो की पतसंस्थेचा, आभार मानायला गणपतराव, म्हणजे मी. मंडपवाला, माईकवाला, पाणी देणारी पोरं, कुणाचंही नाव राहिलं तर माझा जीव वर-खाली होतो. आणि दर वेळी तेच होतं. 'आता आभार' म्हटलं की सगळी उठतात, खुर्च्या सरकतात आणि मी लोकांच्या पाठींचे आभार मानतो.

पिराजी माझा तालमीतला जोडीदार. जन्मापासून कर्णबधिर. तो कुस्तीच्या मैदानात उतरला की मी कडेला उभा राहून पंचांचं बोलणं, इनाम, पब्लिकच्या शिव्यासुद्धा हातांनी त्याला सांगायचो. खुणा आमच्या आम्हीच केलेल्या. माझी खूण म्हणजे कानावर दाबलेली मूठ, कारण माझा कान त्यानंच मोडला होता. पुढं तो कर्णबधिरांच्या संघटनेत जाऊन रीतसर सांकेतिक भाषा शिकला, मी गावकीत अडकलो. आजही तांबड्या मातीचा ओला वास आला की मला त्याचे हात आठवतात.

यंदा तालमीचा अमृतमहोत्सव होता आणि पिराजीचा सत्कार. व्हिडिओ कॉलवर त्यानं मला स्पष्ट सांगितलं, 'सत्कार घेतो आणि जातो. तुझ्या आभाराला कशाला थांबू? पाठी बघायला?'

मला ते झोंबलं. एवढी वर्षं आभार मानले, पण पुढं माणसं उभी राहिल्यावर त्याला खुणा करणारे हात कसे दिसणार? ठरवलं, या वेळी त्याला माझे आभार दिसलेच पाहिजेत.

आदल्या दिवशी सांकेतिक भाषेची दोघं दुभाषी आली, दीक्षा आणि सूरज. पाळीपाळीनं काम करतात, नाहीतर हात आणि डोकं दोन्ही थकतात. नावं आणि डावांचे शब्द आधी कळावेत म्हणून त्यांनी माझं भाषण मागितलं. 'मूकबधिरांची सेवा करणाऱ्या ताई' इथं दीक्षा थांबली.

"काका, सेवा न्हाय, काम हाय. आणि 'मूक' कशाला? पिराजीकाका बोलतात की, हातांनी. ते बोलल्यावर तुम्हा सगळ्यांना मीच सांगणार. मग मी एकट्या त्यांच्यासाठी कशी?"

"बरं बाई. पण शाल-श्रीफळ तरी घेशील का न्हाय?"

"माझ्या पाळीत नारळ हातात दिला तर पुढं बसलेल्या कर्णबधिरांचं सगळं बंद पडंल. माझं नाव घ्याल तवा सूरज करंल, मी बसून बघंन. पण लोकं उठली तर त्याचाबी उपयोग न्हाय."

लोकांना उठू कसं द्यायचं नाही? मी आभारच उचलून प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाआधी ठेवले. अध्यक्ष राजवर्धन खवळले, "गणपतराव, आभार आधी? येड लागलंय व्हय?"

"पाव्हण्यांच्या भाषणाआधी कोण उठतंय का सांगा!" मी म्हटलं. त्यांनी क्रम बदलून दिला.

राजारामपुरीच्या सभागृहात मी उभा राहिलो आणि एकही खुर्ची सरकली नाही. सूरज उजेडात आला, दीक्षा खाली बसली. पिराजी समोरच होता, डोळे सूरजच्या हातांवर.

मी म्हणालो, "दीक्षा आणि सूरजमुळं आज आपण सगळे एकमेकांशी बोलू शकलो. आपली स्वयंसेविका तेजस्वी आणि तिच्या मैत्रिणींनी व्यासपीठाला उतार लावला, व्हीलचेअरची वाट मोकळी ठेवली, अंध पाहुण्यांना ओढत न आणता आपलं कोपर धरायला दिलं. त्या आत्ताही कामावर आहेत, म्हणून त्यांना वर बोलवत नाही. आपणच त्यांच्याकडं वळूया. हात वर करून हलवा, म्हणजे आवाज न ऐकणाऱ्यांना दिसंल. तोंडानं 'वा' बी म्हणा, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना कळंल."

सगळं सभागृह हातांनी भरलं. दीक्षानं मान खाली घातली, दारातली तेजस्वी डोळे पुसत हसली. मला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात पिराजी उठला. गुडघ्यावर हात ठेवत उतारावरून वर आला आणि मला बाजूला सारलं. दीक्षानं चटकन खालचा माईक उचलला. पिराजीचे हात हलले आणि तिचा आवाज आला, "थांबा. एक नाव राहिलंय."

मी मनातल्या मनात यादी चाळली. कुणाचं राहिलं?

पिराजीनं माझ्याकडं बघून कानावर मूठ दाबली. दीक्षा बोलत होती, पण त्यातला 'मला' म्हणजे ती नव्हे, पिराजी. "दुभाषी हा शब्द हितं कुणाला ठावा नव्हता, तवापासून मला एक दुभाषी हाय. सगळ्या गावाचे आभार ह्यानं मानले. ह्याचे कुणीच मानले न्हाईत."

सगळ्यांचे हात परत वर गेले. मला खूप बोलायचं होतं, पण हातात माईक होता. मी तो टेबलावर ठेवला आणि पिराजीकडं वळून हातांनी बोलायला लागलो.